बायक्युबिक व लँक्झोस अंतर्वेशन (छायाचित्र मोठे करताना)

लहान छायाचित्र मोठे करायचे म्हणजे मूळ पिक्सेलांच्या अधल्यामधल्या जागी नवे पिक्सेल बसवायचे. नव्या पिक्सेलचे मूल्य आसपासच्या मूळ पिक्सेलांच्या भारित सरासरीवरून काढतात. किती अंतरावरच्या पिक्सेलला किती भार द्यायचा हे ज्या वक्रावरून ठरते, त्याला या नोंदीत भारवक्र म्हटले आहे. बायक्युबिक पद्धतीचा भारवक्र घनबहुपदींचे तुकडे जोडून केलेला असतो आणि दोन्ही बाजूंना दोन पिक्सेलांपर्यंत पोहोचतो. एका नव्या पिक्सेलसाठी ४×४ म्हणजे १६ मूळ पिक्सेल विचारात घेतले जातात. लँक्झोस पद्धतीच्या रूढ प्रकाराचा (लँक्झोस-३) आवाका तीन पिक्सेलांचा, म्हणून तेथे ६×६ म्हणजे ३६ पिक्सेल लागतात. दोन्ही वक्र पहिल्या पिक्सेलपलीकडे शून्याखाली उतरतात. बायक्युबिक तेथेच संपतो. लँक्झोस-३ आणखी एकदा शून्याच्या वर येऊन मग संपतो. दोन्ही पद्धतींच्या चित्रांत दिसणारा फरक बहुतांशी या जादा लाटेतून येतो.

उगम व नावांचा घोळ

बायक्युबिक हे एका सूत्राचे नाव नसून सूत्रांच्या कुटुंबाचे आहे. शून्याखालचा भाग किती खोल असावा हे `a` या अचलावर अवलंबून असते. या पद्धतीचा प्रारंभ सामान्यतः १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात, लँडसॅट उपग्रहाच्या चित्रांची भूमितीय दुरुस्ती करण्याच्या कामात धरला जातो. तेथे रिफमन यांचे नाव येते. त्या काळी `a` = −१ घेत, कारण त्यामुळे वक्राचा उतार एक पिक्सेल अंतरावर आदर्श सिंक फलनाच्या, म्हणजे `sin(πx)/(πx)` च्या, उताराशी जुळतो. रॉबर्ट कीज यांनी १९८१ मध्ये दाखवले की `a` = −०.५ घेतल्यास पिक्सेलांमधील अंतर कमी होत जाताना त्रुटी सर्वांत वेगाने घटते. `a` = −०.७५ या मूल्याचाही एक आधार आहे: तेव्हा वक्राचे दोन तुकडे जेथे जुळतात तेथे द्वितीय विकलजही सलग राहते. छायाचित्रांसाठी कीज यांचे मूल्य अधिक ग्राह्य वाटते. हा वाद केवळ कागदावरचा नाही. पिलो या चित्रप्रक्रियेच्या आज्ञासंग्रहातील बायक्युबिक −०.५ वापरते, तर ओपनसीव्ही या तशाच दुसऱ्या संग्रहातील −०.७५, त्यामुळे एकाच नावाच्या दोन आज्ञा एकाच छायाचित्रातून वेगवेगळी चित्रे देतात.

लँक्झोस पद्धतीला नाव ज्यांचे मिळाले ते हंगेरियन गणितज्ञ कॉर्नेलियस लँक्झोस (१८९३–१९७४, हंगेरियन उच्चार लांत्सोशच्या जवळचा) यांनी छायाचित्रे मोठी करण्यासाठी हे सूत्र रचलेले नव्हते. फूरिये श्रेणी मध्येच तोडली की उड्यांच्या जागी लहरी उठतात. त्या शमवण्यासाठी त्यांनी गुणक सुचवले होते. त्या कल्पनेवरून गाळणी बनवून क्लॉड डचन यांनी १९७९ मध्ये ती हवामानशास्त्रातील आधारसामग्रीसाठी मांडली. संगणकीय चित्रांच्या क्षेत्रात ती त्यानंतर रुळली. सूत्र `sinc(x)·sinc(x/3)` असे असून `|x|` ३ किंवा अधिक असल्यास भार शून्य. या भारांची बेरीज नेमकी १ येत नाही, म्हणून प्रत्येक भाराला एकूण बेरजेने भागावे लागते. हा भागाकार वगळला तर सपाट आकाशातही फिकट जाळी उमटते.

कडेवर काय घडते

एक रांग घेऊ. डावीकडे सर्व पिक्सेल ५०, उजवीकडे सर्व २००. जणू उजळ भिंतीला लागून असलेली गडद चौकट. रांग दुप्पट केली की कडेच्या आसपासची मूल्ये `a` = −०.५ च्या बायक्युबिकने अशी येतात:

```
50  50  46  39  80 | 170  211  204  200  200
```

लँक्झोस-३ ने:

```
51  55  41  35  82 | 168  215  209  195  199
```

कडेच्या मधोमध होणारी उडी दोन्हींत जवळपास सारखीच आहे, ८० ते १७० आणि ८२ ते १६८. म्हणजे लँक्झोसचे चित्र अधिक धारदार भासते ते कडेवरचा चढ जास्त उभा असल्यामुळे नव्हे. गडद बाजू कडेपाशी आणखी गडद होते आणि उजळ बाजू आणखी उजळ, म्हणून डोळ्याला धार जाणवते. हा अतिरेक बायक्युबिकमध्ये सुमारे ११ आहे, लँक्झोसमध्ये १५. शिवाय लँक्झोसमध्ये गडद पट्ट्याच्या बाहेर ५५ चा फिकट पट्टा आणि उजळ पट्ट्याच्या बाहेर १९५ चा काळसर पट्टा उमटतो. या दुसऱ्या पट्ट्यालाच लहर म्हणतात. चित्र कोणत्या पद्धतीने मोठे केले आहे हे ओळखायचे असेल तर एखादी सरळ, ठळक कड शंभर टक्के आकारात पाहावी व तिला समांतर जाणारे पट्टे मोजावेत.

`a` = −०.७५ घेऊन हेच गणित केले तर कडेलगतचे मूल्य ३९ ऐवजी ३४ येते, म्हणजे लँक्झोसच्या ३५ पेक्षाही किंचित खोल. ‘बायक्युबिक सौम्य असते’ हे विधान म्हणूनच `a` सांगितल्याशिवाय अपुरे राहते.

बारीक पोतावर काय घडते

कापडाची वीण किंवा केस यांसारख्या बारीक पोतात परिस्थिती उलटते. चार पिक्सेलांत एक आवर्तन पूर्ण करणारी लहर घेऊ, मध्य १२८ आणि उंची १००. ती दुप्पट करताना माथ्याजवळच्या दोन नव्या पिक्सेलांची आदर्श मूल्ये २२० आणि १६६ आहेत. बायक्युबिक (`a` = −०.५) २१७ आणि १५८ देते, लँक्झोस-३ २२१ आणि १६८. बायक्युबिकने पोत काहीसा दबतो. लँक्झोस किंचित अतिरेक करते, तरी मूळच्या अधिक जवळ राहते. कडेवर लहरी उठवणारी तीच जादा लाट येथे उपयोगी पडते.

निवड

स्वच्छ, कमी संकोचन केलेले, बारीक पोताचे छायाचित्र दुपटीच्या आसपास मोठे करायचे असल्यास लँक्झोस-३ बहुधा सरस दिसते. ज्यात उजळ आकाशापुढे तारा, खांब, अक्षरे किंवा इमारतींच्या कडा आहेत, त्यात बायक्युबिक बरे. जेपीईजीचे जोरदार संकोचन झालेल्या लहान चित्रात मुळातच कडांभोवती ठिपके व ८×८ च्या चौकोनांच्या सीमा असतात. लँक्झोस त्यांनाही पोत समजून जपते आणि चेहऱ्याची त्वचा मळकट दिसू लागते. आधीच धार वाढवलेल्या छायाचित्राबाबतही तसेच, कारण तेथे वलयावर वलय चढते.

किती पट मोठे करायचे यालाही महत्त्व आहे. लहरीचा प्रत्येक पट्टा सुमारे एका मूळ पिक्सेलएवढा रुंद असतो. दुप्पट चित्रात तो दोन पिक्सेलांचा होतो व सहसा नजरेआड राहतो. चौपटीत चार पिक्सेलांचा होऊन कडेची सावली म्हणून सहज दिसतो. ज्या छायाचित्राला दुपटीत लँक्झोस शोभते, त्याला चौपटीत बायक्युबिक बरे वाटू शकते ते यामुळे. उजळ बाजू २५५ ला टेकलेली असेल तर तिकडचा अतिरेक छाटला जातो आणि फक्त गडद बाजूची रेघ उरते, म्हणून पांढऱ्या आकाशापुढच्या छपराच्या आतल्या कडेलाच जादा काळी किनार दिसते.

दोन्हींची तुलना स्वतः करायची तर इमेजमॅजिकमध्ये पुढील आज्ञा पुरतात. `Catrom` म्हणजेच `a` = −०.५ चे बायक्युबिक:

```
magick in.png -filter Catrom -resize 200% b.png
magick in.png -filter Lanczos -resize 200% l.png
```

निकाल पीएनजीतच साठवावा. जेपीईजीत साठवल्यास संकोचनाचे ठिपके कडेच्या लहरींत मिसळतात आणि कोणता दोष कोणाचा हे सांगता येत नाही.