सोळा कनेक्शन म्हणजे सोळापट स्पीड?

“डाउनलोड मॅनेजरमध्ये १६ कनेक्शन लावली की फाइल सोळापट वेगाने उतरते ना?”

नाही. तुमच्या लाइनची क्षमता आहे तेवढीच राहते. समजा लाइन ४० एमबीपीएसची आहे, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त ५ एमबी. फाइल ६० जीबीची, आणि सर्व्हर प्रत्येक कनेक्शनला सेकंदाला १ एमबीच देतोय. एका कनेक्शनवर सुमारे पावणेसतरा तास लागतील. पाच लावलीत तर साधारण तीन तास वीस मिनिटं. सहाव्यापासून पुढे काहीच हाती लागत नाही, कारण लाइन आधीच भरलेली असते. उलट काही सर्व्हर जास्त कनेक्शन दिसली की नवी नाकारतात. aria2 या कमांडने चालणाऱ्या डाउनलोड मॅनेजरमध्ये पाच कनेक्शन अशी लावायची:

```
aria2c -c -x 5 -s 5 "URL"
```

माझ्या मते खरा फायदा रिझ्यूमचा आहे. वीज गेली तरी हीच कमांड त्याच फोल्डरमध्ये पुन्हा चालवायची. मात्र फाइलशेजारी `.aria2` शेपटीची छोटी फाइल दिसेल, ती कचरा समजून उडवू नका! कुठले तुकडे आले याची नोंद तिच्यातच असते. ती गेली तर मुख्य फाइल आकाराने पूर्ण ६० जीबी दिसू शकते, पण आत जागोजागी भोकं असतात.

सर्व्हरही साथ देणारा हवा. `curl -I "URL"` चालवा. उत्तरात `Accept-Ranges: bytes` दिसलं तर बहुधा रिझ्यूम चालेल. सर्व्हर तुकडे देतच नसेल, तर तुटलेलं डाउनलोड पहिल्यापासूनच करावं लागतं.