भट्टीच्या भिंतीतली वाकडी रेघ कुठून आली

हिंगणा एमआयडीसीतल्या एका भट्टीवर नुकताच लागलेला एक पोरगा भिंतीच्या मधोमध तापमान मोजणारा थर्मोकपल लावून बसला होता, आतून 900 अंश आणि बाहेरून 100, म्हणजे मध्ये 500 यायला पाहिजे ना? पण आकडा 538 च्या आसपास, आणि पोराला वाटलं थर्मोकपलच बिघडलाय.

थर्मोकपल बरोबर होता. सरळ रेषेची सवय आपल्याला फ्रेंच गणिती फूरियेपासून लागली, त्याच्या 1822 च्या पुस्तकातल्या गणितात कंडक्टिव्हिटी, म्हणजे पदार्थ उष्णता किती सहज वाहू देतो तो आकडा, एका पदार्थासाठी एकच आकडा धरलेली, आणि तसं धरलं की सपाट भिंतीत तापमान सरळ रेषेतच उतरतं. नंतर 1860 च्या दशकात छापलेल्या प्रयोगांत स्कॉटिश भौतिकशास्त्रज्ञ फोर्ब्सने लोखंडी दांड्याला ओळीने भोकं पाडून थर्मामीटर लावले, तेव्हा दिसलं की लोखंड तापलं की त्याची कंडक्टिव्हिटी कमी होते. म्हणजे कंडक्टिव्हिटी, तिलाच k म्हणतात, स्थिर नाही हे मोजून कळलं. पुढे जर्मन भौतिकशास्त्रज्ञ किर्कहॉफने k चं तापमानावर इंटिग्रल घेऊन त्यालाच नवीन चल मानायची युक्ती दिली, त्याची व्याख्यानं 1894 ला छापून आली, तो गेल्यावर.

फायरक्ले विटेचं लोखंडाच्या उलटं, तापली की k वाढतो. हिशोबासाठी k = 0.8 + 0.0005T धरा, T म्हणजे सेल्सियसमधलं तापमान, भिंत नऊ इंची म्हणजे 0.23 मीटर. किर्कहॉफचं इंटिग्रल केलं की k सरळ रेषेत बदलतो तेव्हा सरासरी k म्हणजे दोन टोकांच्या मधल्या तापमानाचा k, इथे 500 ला 1.05, म्हणून उष्णता q = 1.05 × 800 / 0.23, साधारण 3650 वॅट दर चौरस मीटरला. मधला k घेणं हे इथे अंदाजे नाही, तंतोतंत आहे.

आता वक्र तपासा. q सगळीकडे सारखाच, म्हणून जिथे k जास्त तिथे उतार कमी. आतल्या बाजूला k 1.25, तिथे सेंटिमीटरला 29 अंश उतरतात, बाहेरच्या बाजूला 0.85, तिथे 43. म्हणून रेघ वर फुगते आणि मधोमध 538 येतात.

चूक होते ती इथे: 538 बघून दोन्ही अर्ध्या भिंतींना तोच 1.05 लावला की आतल्या अर्ध्यात 3300 आणि बाहेरच्यात 4000 येतो, आणि स्थिर अवस्थेत दोन वेगळे आकडे शक्यच नाहीत, तेव्हाच समजायचं k चुकलाय. प्रत्येक अर्ध्याला त्याचा त्याचा सरासरी k द्या, आत 1.16, बाहेर 0.96, दोन्हीकडे 3650 च्या जवळ येतं. मी दर वेळी हेच करून बघतो, कारण पाच मिनिटांत खात्री पटते.

मधल्या तापमानाचा k मात्र k सरळ रेषेत बदलतो तेवढ्यापुरताच चालतो. सिरॅमिक फायबरमध्ये रेडिएशनमुळे k तापमानासोबत झपाट्याने वाढतो, तिथे इंटिग्रलच घ्यावं लागतं.