रक झालाच नाही तर? रग्बीतल्या ऑफसाइड रेषेची पार्श्वभूमी

26 फेब्रुवारी 2017, लंडनचं ट्विकनहॅम मैदान. इंग्लंडचा खेळाडू चेंडू घेऊन धावतो, इटलीचा खेळाडू त्याला खाली पाडतो, आणि पाडणारा सोडून इटलीचं कुणी जवळच जात नाही. उलट दोघं-तिघं आरामात चालत इंग्लंडच्या बाजूला शिरतात आणि ज्याला पास जायचा त्याच्याच समोर उभे राहतात. इंग्लंडचे खेळाडू हात वर करून ओरडतायत, पण रेफरी रोमां पोआत शिट्टी वाजवत नाहीत. शेवटी इंग्लंडच्या जेम्स हॅस्केलने त्यांना विचारलंच, रक, म्हणजे पडलेल्या चेंडूवर दोन्ही संघ भिडतात तो घोळका, व्हायला नेमकं काय करावं लागतं? पोआत म्हणाले, मी रेफरी आहे, कोच नाही. मध्यंतराला इटली 10-5 ने पुढे होती.

रग्बी युनियन पहिल्यांदा बघणाऱ्याला टॅकल, रक, फॉरवर्ड पास आणि ऑफसाइड हे चार वेगवेगळे नियम वाटतात. मुळात ते एकाच कल्पनेतून फुटलेले आहेत, आणि ती कल्पना ट्विकनहॅमपेक्षा पावणेदोनशे वर्षांनी जुनी आहे.

इंग्लंडमधल्या रग्बी शाळेतल्या मुलांनी 1845 मध्ये आपल्या खेळाचे 37 नियम लिहून काढले. (विल्यम वेब एलिस नावाच्या पोराने 1823 मध्ये चेंडू उचलून धूम ठोकली आणि रग्बी जन्मली, ही गोष्ट सगळे सांगतात, पुरावा कुणाकडेच नाही.) या नियमांतला कळीचा मुद्दा असा की आपल्याच गड्याने मागे चेंडू खेळला आणि आपण त्याच्या पुढे असलो, तर आपण ‘आपल्या बाजूपासून सुटलेले’, म्हणजे ऑफ साइड. एका बाजूला कितीही पोरं असत. कुणी आधीच समोरच्या गोलपाशी जाऊन चेंडूची वाट बघत बसायचं, हे त्यांना चोरटेपणाचं वाटायचं. चेंडूच्या मागे राहा आणि तिथूनच पुढे रेटा, एवढाच मामला.

1863 मध्ये लंडनच्या फुटबॉल असोसिएशनने लिहिलेल्या पहिल्या नियमांतही ऑफसाइड जवळपास इतकाच कडक होता. पण 1866 मध्ये फुटबॉलने तो सैल केला आणि पुढे पास द्यायची वाट मोकळी झाली. रग्बीने ती कधीच उघडली नाही. फॉरवर्ड पासची बंदी इथूनच येते. पुढे उभा असलेला गडी मुळात खेळातच नाही, मग त्याच्याकडे चेंडू फेकायचा कसा? चुकून पुढे पास गेला की खेळ थांबतो आणि दुसऱ्या संघाला स्क्रम मिळतो, म्हणजे दोन्हीकडचे गडी एकमेकांत अडकून रेटारेटी करतात आणि चेंडू आत टाकतो तो दुसरा संघ.

टीव्हीवर बघताना इथे हमखास फसगत होते. पास सुटला मैदानाच्या मधल्या रेषेवर आणि झेलला गेला दोन मीटर पुढे, तरी रेफरी गप्प. कारण बघायचं असतं ते हात चेंडूला कुठे ढकलतात हे. धावत्या लोकलच्या दारातून वर्तमानपत्राचा गठ्ठा सरळ बाजूला टाकला तर तो गाडीच्या दिशेने थोडा पुढेच जाऊन पडतो. वेगात धावणाऱ्या खेळाडूच्या चेंडूचंही तेच. त्याच्या हातांनी चेंडू आडवा किंवा मागे फेकला असेल तर पास कायदेशीर, मग गवतावरच्या रेषा काहीही सांगोत.

आता टॅकल. 1871 मध्ये रग्बी फुटबॉल युनियन स्थापन झाली आणि रग्बी शाळेत शिकलेल्या तिघा वकिलांनी 59 नियमांचा मसुदा केला. त्यात पकडला गेलेल्या खेळाडूने लगेच ‘डाउन’ असं ओरडून चेंडू तिथेच जमिनीवर ठेवायचा, असं होतं. मग दोन्हीकडचे गडी त्याभोवती गर्दी करून पायांनी चेंडू ढकलत. आजचा रक म्हणजे त्या घोळक्याचाच वंशज. कबड्डीत पकड झाली की चढाई संपते, इथे मात्र पकडीनंतरच खरी मारामारी सुरू होते. 1895 मध्ये फुटून निघालेल्या उत्तरेकडच्या क्लबांना, म्हणजे पुढच्या रग्बी लीगला, हा घोळका नकोसा झाला. त्यांनी 1906 मध्ये तो काढून टाकला आणि पाडलेल्याने उठून पायाने चेंडू मागे द्यायचा असं ठरवलं. युनियनने घोळका ठेवला, म्हणून त्याभोवती नियमांचं जाळंही वाढत गेलं.

आज टॅकलनंतर पाडणाऱ्याने सोडून बाजूला व्हायचं, पडलेल्याने चेंडू लगेच सोडायचा, आणि मदतीला येणाऱ्यांनी आपल्या बाजूने, मागून यायचं. 2017 पर्यंतच्या नियमात जमिनीवरच्या चेंडूवर दोन्ही संघांचा किमान एकेक खेळाडू पायांवर उभा राहून एकमेकांना भिडला की रक. मग चेंडूला हात लावायचा नाही. आणि त्याच क्षणी दोन अदृश्य रेषा उमटतात. प्रत्येक संघाची रेषा त्याच्या रकमधल्या सगळ्यात मागच्या पावलातून मैदानभर आडवी जाते. रकमध्ये नसलेल्या प्रत्येकाने तिच्या मागे थांबायचं, नाहीतर पेनल्टी. पावसाळ्यात मैदानाच्या कडेला उभं राहून बघा. चिखलात चेंडू दिसतच नाही, पण बचाव करणाऱ्यांची रांग त्या शेवटच्या बुटाकडे टक लावून कशी थबकलीये, ते स्पष्ट दिसतं.

इटलीचे कोच कॉनर ओशे यांच्या चमूने नेमकी इथली फट हेरली होती. 1845 पासूनचा ऑफसाइड हा आपल्या मागे असलेल्या आपल्याच गड्याने चेंडू खेळला तर लागतो. चेंडू इंग्लंडकडे असताना इटलीच्या कुणी तो खेळलेलाच नाही, तेव्हा मोकळ्या खेळात इटलीचा माणूस ऑफसाइड होऊच शकत नाही. त्याला रोखते ती फक्त रकची रेषा. आणि इटलीने आपला एकही माणूस भिडायला पाठवला नाही, तर रकही नाही आणि रेषाही नाही. इटालियन खेळाडू इंग्लंडचा पास देणारा डॅनी केअर आणि तो घेणारा जॉर्ज फोर्ड यांच्या मधोमध उभे होते ते पूर्ण कायद्यात बसून. इंग्लंडचे कोच एडी जोन्स सामन्यानंतर भडकले, हे रग्बीच नाही म्हणाले. मला तर ती वर्षातली सगळ्यात हुशार चाल वाटली.

तिच्यावर उतारा होता, फक्त तो सुचायला इंग्लंडला मध्यंतर लागलं. प्रतिस्पर्धी पासच्या वाटेत पसरलेत म्हणजे पडलेल्या चेंडूच्या समोर कुणी नाही. तिथून चेंडू उचलून सरळ घुसायचं. नाहीतर जवळच्या एखाद्या इटालियनला धरून ओढून भिडवायचं, म्हणजे रक झाला आणि त्याचे मागे शिरलेले सोबती एका फटक्यात ऑफसाइड. उत्तरार्धात इंग्लंडने सामना फिरवला आणि 36-15 असा जिंकला.

खेळाचे नियम ठरवणाऱ्या वर्ल्ड रग्बी या संस्थेने मात्र फट बुजवली. त्याच वर्षी ऑगस्टपासून उत्तर गोलार्धात नवी तरतूद आधी चाचणी म्हणून आली आणि मग कायम झाली. टॅकलनंतर कोणत्याही संघाचा एक जरी खेळाडू जमिनीवरच्या चेंडूवर पायांवर उभा राहिला, तरी ऑफसाइड रेषा उमटतात. त्यासाठी समोरच्याने भिडायची गरज नाही. ती दुपार आज कुणी पुन्हा खेळायला गेलं, तर केअर आणि फोर्डच्या मध्ये उभा राहिलेला पहिलाच इटालियन पेनल्टी देऊन बसेल.