मेटफॉर्मिन आणि अॅसिडिटीची गोळी दोन्ही चालू आहेत? बी-१२ तपासणी कोणी करावी, सोबत काय न्यावे

मधुमेहात पायाला मुंग्या आल्या की "शुगरमुळे नसा खराब झाल्यात" असे म्हणून विषय संपवला जातो. बऱ्याचदा ते खरेही असते. पण जे रुग्ण वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेतात आणि जोडीला अॅसिडिटीसाठी पॅन्टोप्रॅझोल किंवा ओमेप्रॅझोलही घेतात, त्यांच्यात हीच लक्षणे बी-१२ च्या, म्हणजे कोबालामिनच्या कमतरतेमुळेही येऊ शकतात. त्यावर उपचार आहे आणि तो वेळेवर मिळायला हवा.

दोन्ही गोळ्या एकाच जीवनसत्त्वाची वाट दोन ठिकाणी अडवतात. अन्नातले बी-१२ प्रथिनाला चिकटलेले असते आणि ते सुटे व्हायला जठरात आम्ल लागते. अॅसिडिटीची गोळी ते आम्लच कमी करते. पुढे लहान आतड्याच्या शेवटच्या भागात बी-१२ रक्तात शोषले जाते. या कामाला कॅल्शियम लागते आणि मेटफॉर्मिन त्यातच अडथळा आणते, असे मानले जाते. यकृतात काही वर्षे पुरेल इतका साठा असल्यामुळे परिणाम लगेच दिसत नाही. म्हणून गोळी सुरू केल्यावर पहिल्या वर्षी आलेला चांगला रिपोर्ट सहाव्या वर्षी कामाचा नसतो.

तपासणी कोणाची?

हाताला किंवा पायाला मुंग्या, बधीरपणा, चालताना तोल जाणे, जीभ लाल होऊन झोंबणे, विसरभोळेपणा किंवा रक्तक्षय यांपैकी काही असेल तर मेटफॉर्मिन घेणाऱ्याने थांबू नये, लगेच तपासून घ्यावे. लक्षणे नसतानाही ज्यांनी डॉक्टरांकडे तपासणीचा विषय काढावा असे रुग्ण म्हणजे मेटफॉर्मिन चार-पाच वर्षांहून जास्त काळ घेणारे, दिवसाला १५०० ते २००० मिलिग्रॅम किंवा जास्त डोस असणारे आणि अॅसिडिटीची गोळी दोन वर्षांहून अधिक घेणारे. वय जास्त असेल, आहार पूर्ण शाकाहारी असेल किंवा जठर-आतड्याची शस्त्रक्रिया झाली असेल तर धोका वाढतो. अमेरिकन डायबिटीस असोसिएशन मेटफॉर्मिन घेणाऱ्यांची अधूनमधून बी-१२ तपासणी करण्याचा विचार सुचवते, विशेषतः रक्तक्षय किंवा नसांचा त्रास असेल तर.

सोबत काय न्यावे?

सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे मेटफॉर्मिन कधी सुरू झाले आणि डोस कधी वाढला हे दाखवणारी जुनी प्रिस्क्रिप्शन्स. अॅसिडिटीची गोळी अनेक जण स्वतःच दुकानातून आणतात, त्यामुळे ती कुठल्याच कागदावर नसते. तिची पट्टी सोबत ठेवा. सीबीसी, क्रिएटिनिन आणि एचबीए१सीचे अलीकडचे रिपोर्टही न्या. नसांसाठी दिलेल्या गोळीच्या पट्टीवरचे घटक जरूर वाचा. प्रीगॅबालिनच्या कित्येक गोळ्यांत मिथाइलकोबालामिन, म्हणजे बी-१२ चेच एक रूप, मिसळलेले असते, आणि ते चालू असताना रक्तातला आकडा चांगला दिसतो. म्हणून रक्त आधी द्यावे, बी-१२ चे इंजेक्शन किंवा गोळी नंतर.

रिपोर्ट कसा वाचायचा?

समजा, ६२ वर्षांच्या एक बाई नऊ वर्षे मेटफॉर्मिन १००० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा घेत आहेत आणि चार वर्षे रोज सकाळी पॅन्टोप्रॅझोल. तळपाय बधीर आहेत. हिमोग्लोबिन १२.४, लाल पेशींचा आकारही ठीक. इथेच फसगत होते, कारण रक्तक्षय नसतानाही नसांना इजा होऊ शकते. त्यांचे बी-१२ येते २३८ पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर. साधारण २०० च्या खाली कमतरता धरतात, पण २०० ते ३०० हा संशयाचा पट्टा आहे आणि प्रयोगशाळेप्रमाणे सीमा थोड्या बदलतात. अशा वेळी मिथाइलमॅलोनिक अॅसिड तपासतात. ते वाढलेले असेल तर पेशींना बी-१२ कमी पडते आहे असे समजतात. मात्र मूत्रपिंड कमजोर असेल तर ते तसेही वाढते, म्हणून क्रिएटिनिन शेजारी ठेवूनच हा आकडा वाचायचा. बाईंचे क्रिएटिनिन ठीक आहे आणि मिथाइलमॅलोनिक अॅसिड वाढलेले आहे, म्हणजे निदान पक्के.

नसांची लक्षणे असल्यामुळे त्यांना डॉक्टर बहुधा इंजेक्शनने सुरुवात करतील. लक्षणे नसतील तर रोज १००० मायक्रोग्रॅमची गोळीही चालते, कारण इतक्या मोठ्या डोसातला थोडा भाग नेहमीच्या वाटेशिवायही शोषला जातो. मेटफॉर्मिन स्वतःहून बंद करू नये. अॅसिडिटीची गोळी अजून लागते का, हे मात्र डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. नुसते फॉलिक अॅसिड घेऊ नये, त्याने रक्त सुधारते पण नसांचे नुकसान आतून चालूच राहते. बधीरपणा जितका जुना तितका तो पूर्ण जाण्याची शक्यता कमी. उपचार सुरू झाल्यावरही मेटफॉर्मिन चालू असेपर्यंत बी-१२ चालू ठेवावे लागते का, हे पुढच्या भेटीत ठरवून घ्यावे.