स्पॅनिशमधला 'से' आणि दडलेला कर्ता

माद्रिदमध्ये फिरताना घरांच्या बाल्कन्यांवर दोन पाट्या वारंवार दिसतात: 'से बेंदे' आणि 'से आल्कीला'. पहिलीचा अर्थ घर विकायचं आहे, दुसरीचा भाड्याने द्यायचं आहे. (स्पॅनिशमध्ये 'व'चं अक्षर 'ब'सारखं वाचतात, म्हणून या लेखात सगळीकडे उच्चाराप्रमाणे लिहिलं आहे.) नुकतंच स्पॅनिश शिकू लागलेला माणूस इथे हमखास अडखळतो, कारण त्याने 'से'चा अर्थ 'स्वतःला' असा पाठ केलेला असतो. 'मारिया से मीरा' म्हणजे मारिया स्वतःला पाहते. मग त्या हिशेबाने बाल्कनीतली पाटी म्हणते की घर स्वतःला विकतं!

अर्थात तसं कुणी समजत नाही. पण का समजत नाही, हे शोधायला गेलं की व्याकरणाचं फार नेटकं यंत्र उघडं पडतं. ते पाहायला एकच क्रियापद पुरतं: 'लाबार', म्हणजे धुणे, न्हाऊ घालणे. त्याची तीन वाक्यं घेऊ.

पहिलं: 'लोस निन्योस से लाबान.' मुलं अंग धुतात, आपलं आपण. दुसरं: 'से लाबान लास साबानास.' चादरी धुतल्या जातात. तिसरं: 'से लाबा आ लोस निन्योस.' मुलांना न्हाऊ घालतात. कोण घालतं ते सांगितलेलं नाही, घरातलं किंवा पाळणाघरातलं कुणीतरी.

पहिल्या वाक्यातला 'से' आत्मवाचक. धुणारा आणि धुतला जाणारा एकच, आणि 'से' हे नातं दाखवतो. तो कर्त्याला बांधलेला असल्यामुळे कर्ता बदलला की तोही बदलतो: मी अंग धुतो तेव्हा 'मे लाबो', तू धुतोस तेव्हा 'ते लाबास', आपण धुतो तेव्हा 'नोस लाबामोस'. 'से' हे त्या मालिकेतलं फक्त तृतीय पुरुषाचं रूप. शिवाय इथे 'आ सी मीस्मोस', म्हणजे 'स्वतःच स्वतःला', असं जोडून पाहिलं तरी वाक्य बिघडत नाही.

दुसऱ्या वाक्यात हे काहीच चालत नाही. चादरी स्वतःला धूत नाहीत, आणि या 'से'च्या जागी 'मे' किंवा 'ते' घातलं तर वाक्य दुसऱ्याच अर्थाचं होतं. हा 'से' कुणाकडेच बोट दाखवत नाही. त्याचं काम एवढंच, की धुणाऱ्याला पडद्याआड ढकलायचं. त्याची जागा रिकामी झाल्यावर चादरी पुढे येतात आणि व्याकरणापुरत्या कर्त्याच्या खुर्चीत बसतात. पुरावा क्रियापदात आहे: चादरी अनेक, म्हणून 'लाबान' अनेकवचनी. चादर एकच असती तर 'से लाबा ला साबाना' झालं असतं. याला कर्मणी 'से' म्हणू.

तिसरं वाक्य खरं गमतीचं. मुलं अनेक, तरी क्रियापद 'लाबा', एकवचनी. म्हणजे इथे मुलं कर्त्याच्या खुर्चीत बसलेली नाहीत. ती अजून कर्मच आहेत. कर्ता गेला तो गेलाच, आणि त्याच्या जागी कुणी आलं नाही. क्रियापदाला जुळायला कुणी नाही म्हटल्यावर ते तृतीय पुरुषी एकवचनात थिजून जातं. हा अकर्तृक 'से'.

या दोहोंमधला फरक घडवून आणतो तो 'आ' हा इवलासा शब्द. स्पॅनिशमध्ये कर्म विशिष्ट माणूस असेल, तर त्याच्या आधी 'आ' लावावा लागतो. घर पाहिलं तर 'आ' नाही, शेजाऱ्याला पाहिलं तर 'आ' हवा. आणि एकदा 'आ' लागला की त्या नामाला क्रियापदाशी जुळता येत नाही.

मराठी माणसाला हे समजायला सोपं जावं, कारण आपल्याकडे हेच चालतं. 'शिक्षकांनी वह्या तपासल्या' यात क्रियापद वह्यांशी जुळतं. 'शिक्षकांनी मुलींना बोलावले' यात ते मुलींशी जुळत नाही, नपुंसकलिंगी एकवचनात थांबतं. शाळेत कर्मणी आणि भावे प्रयोग म्हणून पाठ केलं ते हेच. कर्ता गाळायच्या बातमीच्या भाषेत तर साम्य आणखी जवळ येतं. 'तीन आरोपी पकडण्यात आले' आणि 'तीन आरोपींना पकडण्यात आले', दोन्ही वाक्यं रोज छापून येतात. पहिल्यात आरोपी 'आले', दुसऱ्यात 'ना' लागताच क्रियापदाने हात काढून घेतला. स्पॅनिशचा 'आ' आणि मराठीचा 'ना' यांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही. कर्मावर खूण केली की क्रियापदाशी जुळणी तुटते, ही चाल मात्र दोन्हीकडे तीच.

स्पॅनिशला हा उपद्व्याप का करावा लागला? 'आ' न लावता नुसतं 'से लाबान लोस निन्योस' म्हणून पाहा. मुलं धुतली जातात की मुलं आपलं अंग धुतात? सांगता येत नाही. चादरींच्या बाबतीत ही शंका येत नाही, कारण चादरी स्वतःहून काही करत नाहीत. माणसं करतात. म्हणून माणसांच्या बाबतीत कर्मणी 'से' आणि आत्मवाचक 'से' एकमेकांत मिसळतात. 'धुणे'च्या जागी 'मारणे' घातलं, की माणसं मारली गेली, की त्यांनी एकमेकांना मारलं, की आत्महत्या केली, असे तीन अर्थ एकाच वाक्यात दाटीवाटीने बसतात. मध्ययुग संपता संपता स्पॅनिशमध्ये 'आ' असलेली अकर्तृक रचना रुजली ती या गोंधळाला उतारा म्हणून, असं भाषेचे इतिहासकार साधारणपणे मानतात, आणि मला ते पटतं. 1847 साली आंद्रेस बेयो यांनी आपलं प्रसिद्ध व्याकरण लिहिलं तेव्हा या रचनेला त्यांनी 'कुआसी-रेफ्लेखा इरेगुलार', म्हणजे अनियमित, आत्मवाचकासारखी दिसणारी रचना, असं नाव दिलं. 'अनियमित' या शब्दात त्यांची पंचाईत दिसते: रूप आत्मवाचकाचं, पण कर्ता कुठेच नाही.

माणूस असला की 'आ' आलाच, असं मात्र नाही. हॉटेलच्या दारावर 'से बूस्कान कामारेरोस' अशी पाटी असते: वेटर हवे आहेत. कुठलेही वेटर चालतील, विशिष्ट कुणी नाही, म्हणून 'आ' नाही आणि क्रियापद अनेकवचनी. पण 'से बूस्का आ लोस कामारेरोस' म्हटलं तर त्या अमुक वेटरांचा शोध चालू आहे, बहुधा गल्ला घेऊन पळालेल्या! पहिल्या पाटीने नोकरी मिळते, दुसरीने पोलीस मागे लागतात.

अकर्तृक 'से'ला कर्म असायलाच हवं असंही नाही. 'आकी से बीबे ब्येन', इथे छान जगता येतं. जगणे अकर्मक आहे, तेव्हा कर्मणीचा प्रश्नच येत नाही. मात्र गायब झालेला तो कर्ता माणूसच असावा लागतो. 'या गल्लीत फार भुंकतात' हे वाक्य 'से' वापरून केलं तर स्पॅनिश माणूस हसेल, कारण त्याला कुत्री दिसत नाहीत, भुंकणारी माणसं दिसतात.

आता एक खात्रीची कसोटी. अकर्तृक 'से' आणि आत्मवाचक 'से' ही खरंच वेगळी कामं असतील, तर एका वाक्यात दोन्हींची गरज पडू शकते. उदाहरणार्थ, 'इथे लोक लवकर उठतात'. स्पॅनिशमध्ये उठण्याचं क्रियापदच 'से' घेऊन येतं: 'से लेबांता', तो उठतो. त्यात कर्ता पुसायचा तर आणखी एक 'से' लागेल, 'से से लेबांता'. हे स्पॅनिशमध्ये अशक्य. एकच 'से' ठेवला तर 'कुणीतरी एक तो' उठतो, असा अर्थ होतो. म्हणून स्पॅनिश बोलणारा 'से'चा नाद सोडतो आणि 'ऊनो' घेतो: 'आकी ऊनो से लेबांता तेम्प्रानो'. 'ऊनो' म्हणजे 'एक', मराठीत आपण 'माणूस' म्हणून बोलतो तसा. इटालियनलाही दोन 'सी' शेजारी चालत नाहीत, पण तिने हार मानली नाही. पहिल्या 'सी'चं 'ची' केलं आणि 'ची सी' म्हणत पुढे गेली.

वस्तूंच्या बाबतीतही एक फसवी जागा आहे. 'एल बार्को से उंद्यो', जहाज बुडालं. यात कर्ता लपलेला नाही, तो नाहीच. जहाज आपोआप बुडालं, आणि 'पोर सी सोलो', म्हणजे 'आपलं आपण', असं जोडता येतं. पण 'से उंद्यो एल बार्को पारा कोब्रार एल सेगूरो', म्हणजे विम्याचे पैसे उकळायला जहाज बुडवलं, असं म्हणताच कुणीतरी ते बुडवलं हे उघड होतं. हेतू असायला मन लागतं, आणि जहाजाला ते नसतं. क्रियापद तेच, 'से' तोच, पण दुसऱ्या वाक्यात पडद्याआड माणूस आहे. 'से' कर्मणी आहे की घटना आपोआप घडली, अशी शंका आली की शेवटी एखादा हेतू जोडून पाहावा.

अंत्याक्षरांकडे बारकाईने पाहूनही पाट्यांपाशी थोडा घोळ उरतोच. 'से बेंदेन पीसोस', फ्लॅट विकणे आहेत, हे पुस्तकी रूप: फ्लॅट अनेक, क्रियापद अनेकवचनी. पण 'से बेंदे पीसोस' असंही लिहिलेलं आढळतं आणि बोललेलं ऐकू येतं. फ्लॅटला 'आ' लागत नाही, तेव्हा नियमाने ही जुळणी व्हायलाच हवी. अशा रचना प्रतिष्ठित लेखनात टाळाव्यात, असं स्पॅनिश भाषेच्या राजअकादमीचं मत आहे. पण बोलणाऱ्यांच्या बाजूनेही विचार करण्यासारखं आहे. स्पॅनिशमध्ये कर्म सहसा क्रियापदानंतर येतं, आणि पाटीवर 'पीसोस' नेमकं तिथेच आहे. त्यात 'से बेंदे पीसो' या एकवचनी पाटीवरून तर घर कर्ता आहे की कर्म, हे कुणालाच सांगता येत नाही. रूप दोन्ही अर्थांना सारखंच बसतं. अशा शेकडो एकवचनी पाट्या वाचून मोठा झालेला माणूस घराला कर्म समजत असेल, तर घरं दोन झाल्यावर त्याने क्रियापद बदलायचं कारणच काय?