मोहेंजोदडोची गटारं आणि विटेचं माप

सिंधमधल्या मोहेंजोदडोचं उत्खनन १९२२ साली राखालदास बॅनर्जी यांनी सुरू केलं. इसवी सनापूर्वी साधारण २६०० ते १९०० या काळातल्या या शहराचे रस्ते बुद्धिबळाच्या पटासारखे होते, असं पाठ्यपुस्तकांत वाचायला मिळतं. ते अर्धंच खरं आहे. मोठे रस्ते बहुतांशी उत्तर-दक्षिण धावतात आणि सर्वांत रुंद रस्ता नऊ-दहा मीटरचा आहे. गल्ल्या मात्र ठिकठिकाणी वळतात. या शहराची खरी शिस्त दिसते ती विटेत आणि गटारात.

नेहमीची भाजकी वीट सुमारे ७ सेंमी जाड, १४ सेंमी रुंद आणि २८ सेंमी लांब, म्हणजे प्रमाण १:२:४. आडव्या लावलेल्या दोन विटांची रुंदी एका उभ्या विटेच्या लांबीइतकी भरते. त्यामुळे एक थर आडवा, एक उभा लावत गेलं की सांध्यावर सांधा येणं टाळता येतं आणि विटा फारशा फोडाव्या लागत नाहीत.

गटारालाही हेच माप सोयीचं पडलं. वीतभर रुंद, म्हणजे सुमारे २० सेंमीचा पाट धरला, तर २८ सेंमीची वीट आडवी टाकल्यावर दोन्ही काठांवर चार-चार सेंमी टेकते आणि झाकण तयार होतं. पाट याहून रुंद असेल तिथे चुनखडीच्या लाद्या घालत. ही झाकणं सहसा सुटीच ठेवलेली असत, म्हणजे गाळ काढताना उचलता येत. वळणावर काटकोन न ठेवता कड गोलसर बांधत, कारण कोपऱ्यावर आपटलेलं पाणी मंदावतं आणि तिथेच गाळ बसतो.

उतार मीटरमागे सुमारे २ सेंमी. हा आकडा लहान वाटतो, पण पन्नास मीटरच्या गल्लीत तळ एक मीटर खाली जातो. वाटेत विटांचे खड्डे बांधून गाळ तिथेच खाली बसू दिला जाई. हे खड्डे उपसले नाहीत तर गाळ पुढे सरकतो आणि पाट तुंबतो. उपसलेला गाळ कडेलाच टाकून दिल्याच्या खुणा उत्खननात सापडल्या आहेत, म्हणजे सफाई होत होती, उचल मात्र नेहमी होत नव्हती. सगळीच घरं गटाराला जोडलेली नव्हती. काहींचं सांडपाणी दारातल्या मातीच्या रांजणात पडून जमिनीत मुरे.

मोठी अडचण वेगळीच होती. पडक्या घरांवर नवी घरं बांधली जात, राडारोडा साचे आणि रस्त्याची पातळी वर येई. मग गटाराच्या बाजूंवर विटांचे आणखी थर चढवावे लागत, नाहीतर जुन्यावरच नवं गटार बांधावं लागे. विहिरींची तोंडंही अशीच वर नेली गेली; आज आजूबाजूची माती काढल्यावर त्या मनोऱ्यांसारख्या उभ्या दिसतात. अखेरच्या काळात ही डागडुजी ढिली पडली. घरांनी गल्ल्यांवर अतिक्रमण केलं आणि कुंभारांच्या भट्ट्या थेट वस्तीत आल्या.