ईटीपीचा खर्च प्रॉडक्टवर कसा लावायचा: काय धरायचं, कुठले कागद लागतात

डाइंग युनिटमध्ये ईटीपीचा, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटचा, खर्च बहुतेकजण एकूण ओव्हरहेडमध्ये टाकतात आणि सरळ किलोवर वाटून मोकळे होतात. मग गडद कॉटन स्वस्त दिसतं नि फिकट पॉलिएस्टर उगाच महाग दिसतं.

आधी काय धरायचं ते बघा. केमिकल, वीज, ऑपरेटरचा पगार, लॅब टेस्टिंग, प्लांटचं डेप्रिसिएशन, स्लजची वाहतूक आणि डिस्पोजल फी, हे सगळं धरा. दंड किंवा गळतीनंतरची सफाई यात घुसडू नका, ते थेट नफा-तोट्यात जातं. आणि परत मिळालेलं मीठ किंवा पाणी वापरलं असेल तर त्याची किंमत खर्चातून वजा करा, हे हमखास विसरलं जातं.

कागद म्हणजे फ्लोमीटरचं लॉगबुक, ईटीपीच्या सबमीटरचं रीडिंग, प्रत्येक ड्रेनचे सीओडी-टीडीएस रिपोर्ट, स्लजच्या वजनकाट्याच्या पावत्या. सीओडी म्हणजे पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप, टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं. सँपल मात्र कंपोझिट हवं, कारण मिठाचा बाथ सोडतात त्याच क्षणी बाटली भरली तर आकडा भलताच येतो.

आता खर्चाचे तीन भाग करा. समजा महिन्याचा खर्च 10 लाख: पंपिंग वगैरे पाण्याच्या व्हॉल्यूमवर चालणारा 2 लाख, एरेशन नि स्लजचा सीओडीवर चालणारा 3 लाख, आरओ आणि इव्हॅपोरेटरचा टीडीएसवर चालणारा 5 लाख. लोड असा काढायचा:

```
लोड (किलो) = घनमीटर × मिलिग्रॅम प्रति लिटर ÷ 1000
```

पॉलिएस्टर 60 टन, पाणी 6000 घनमीटर, सीओडी 1000, टीडीएस 1000. रिअॅक्टिव्ह डायचं गडद कॉटन 40 टन, पाणी 4000, सीओडी 1500, टीडीएस 6000. सीओडी लोड दोघांचा 6000 किलो, म्हणून तो भाग निम्मा-निम्मा. टीडीएस मात्र 6000 विरुद्ध 24000 किलो. पॉलिएस्टरवर 1.2 + 1.5 + 1 म्हणजे 3.7 लाख येतात, कॉटनवर 0.8 + 1.5 + 4 म्हणजे 6.3 लाख. किलोमागे 6.17 आणि 15.75, आणि सरसकट वाटलं असतं तर दोघांना 10. फरक बहुतेक मिठाचा, एक्झॉशनला म्हणजे रंग कापडात चढवायला टाकलेलं मीठ कापडावर थांबत नाही, सगळं ड्रेनमध्येच येतं.

मग ताळा घ्या: सगळ्या प्रॉडक्टच्या लोडची बेरीज इक्वलायझेशन टँकच्या इनलेटशी जवळपास जुळली पाहिजे. मोठी तफावत आली तर फ्लोअर वॉशिंग किंवा बॉयलर ब्लोडाउनचं पाणी सुटलंय समजा, त्याची वेगळी ओळ काढा, प्रॉडक्टवर ढकलू नका.

महिनाअखेरीला शेडमध्ये पडून राहिलेला स्लज ज्या महिन्यात तयार झाला त्याच महिन्यात प्रोव्हिजन करून धरा, बिल नंतर आलं तरी. आणि वजन ओलं धरताय की सुकं ते ठरवून ठेवा, कारण फिल्टर प्रेसमधून निघालेल्या केकमध्ये बरंच पाणी असतं आणि डिस्पोजल फी काट्यावरच्या वजनाने लागते.